पन्नास की अठ्ठेचाळीस?

आठवीच्या गणिताच्या वर्कशीटवरचा तिसरा प्रश्न असा आहे: ‘एक एसटी बस गावाहून तालुक्याला ताशी ४० किमी वेगाने गेली आणि त्याच रस्त्याने ताशी ६० किमी वेगाने परत आली. संपूर्ण प्रवासातील बसचा सरासरी वेग किती?’ पुढे वाचण्याआधी मनाशी एक उत्तर धरून ठेवा. कागद-पेन्सिल घेतली नाही तरी चालेल. उलट न घेतलेलीच बरी, कारण या प्रश्नाची खरी गंमत आपल्या मनात आपोआप उमटणाऱ्या आकड्यात आहे.

आता गोष्ट. गोष्ट रचलेली आहे, त्यातल्या ईश्वरी आणि सानिका या नावांसकट. गणित तेवढं खरं आहे, आणि वादही तसा खराच म्हणायचा, कारण गणित शिकवणाऱ्या प्रत्येकाने तो कधी ना कधी ऐकलेला असतो.

दोघी एकाच वर्गातल्या, राहायला गावाच्या दोन टोकांना. संध्याकाळी वर्कशीट सोडवून झालं की आईच्या फोनवरून फोटो पाठवायचा आणि उत्तरं ताडून बघायची, हा त्यांचा नेम. शाळा बंद असताना, २०२० साली, गृहपाठाचे फोटो पाठवायची जी सवय घरोघरी लागली ती शाळा सुरू झाल्यावरही सुटली नाही, त्यातलाच हा प्रकार. ईश्वरीचा फोटो नेहमीसारखा तिरका आला. वरच्या कोपऱ्यात ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा, खालच्या कडेला तिचा अंगठा. तिसऱ्या प्रश्नापुढे तिने एक बेरीज करून दोनाने भागलं होतं आणि ‘५०’ला चौकट केली होती. सानिकाचा फोटो नीटनेटका, पण तिसऱ्या प्रश्नापुढे एकच आकडा: ‘४८ किमी/तास’. ना पायऱ्या, ना काही.

“तिसऱ्याचं तुझं चुकलंय,” सानिकाने मेसेज टाकला.

“तुझं चुकलंय. ४० आणि ६० शंभर, भागिले दोन. सरासरी म्हणजे हेच ना?”

“शिकवणीत सूत्र दिलंय. दोन्ही वेगांचा गुणाकार, त्याची दुप्पट, भागिले दोघांची बेरीज. ४८०० भागिले १००. ४८ च येतं.”

“सूत्र असेल गं, पण ते का?”

यावर सानिकाकडून बराच वेळ काही आलं नाही. मग आलं ते एवढंच: “का म्हणजे? दिलंय तसं.”

इथे थोडं थांबू. आत्ता कोणाचं उत्तर बरोबर, तर सानिकाचं. पण कोणाला प्रश्न कळलाय, तर दोघींनाही नाही. एकीने सरासरी म्हणजे बेरीज करून भागणं ही पाचवी-सहावीपासूनची सवय चालवली, दुसरीने शिकवणीतलं सूत्र चालवलं. ईश्वरीने त्याच वेळी ‘बरं, तुझंच बरोबर असेल’ म्हणून ५० खोडून ४८ लिहिलं असतं तर वहीतलं उत्तर सुधारलं असतं आणि बाकी सगळं जागच्या जागी राहिलं असतं. तिने तसं केलं नाही, याचं श्रेय तिच्या हट्टी स्वभावाला. सानिकाची गणितात दोन गुण जास्त घेण्याची ख्याती तिला त्या दिवशी मान्य नव्हती.

सानिकाने मग फोनच लावला.

“हे बघ, वेग म्हणजे काय? अंतर भागिले वेळ. मग सरासरी वेग म्हणजे सगळं अंतर भागिले सगळा वेळ. बरोबर?”

“बरोबर.”

“समज, तालुका १२० किलोमीटरवर आहे.”

“आपला तालुका बारा किलोमीटरवर आहे.”

“समज गं! जाताना ताशी ४०, म्हणजे तीन तास. येताना ताशी ६०, म्हणजे दोन तास. एकूण पाच तास. एकूण अंतर २४०. भाग दे.”

ईश्वरीने भाग दिला. ४८ आले. पण तिचा पुढचा प्रश्न बिनतोड होता. “१२० तू कुठून आणलेस? प्रश्नात अंतर दिलेलंच नाही. तू सोयीचं अंतर घेतलंस म्हणून ४८ आलं.”

सानिकाने १२० घेतले होते कारण तो ४० आणि ६० चा लसावि. त्याला दोन्हींनी नि:शेष भाग जातो, अपूर्णांक येत नाहीत. म्हणजे अंतर सोयीचं होतं हे खरंच. आता ते सोयीचं आहे म्हणून उत्तर ४८ आलं, की कोणतंही अंतर घेतलं तरी ४८ च येईल, हे बघायला हवं होतं. ते ईश्वरीने स्वतः बघायचं ठरवलं आणि मुद्दाम अगदी लहान अंतर घेतलं, दहा किलोमीटर. ताशी ४० ने दहा किलोमीटर जायला पंधरा मिनिटं. ताशी ६० ने परत यायला दहा मिनिटं. वीस किलोमीटर, पंचवीस मिनिटं. म्हणजे पाच मिनिटांत चार किलोमीटर. आणि तासात पाच-पाच मिनिटं बारा वेळा येतात. बारा चोक अठ्ठेचाळीस.

मग तिने साठ घेऊन पाहिले. दीड तास आणि एक तास, अडीच तासांत १२० किलोमीटर. पुन्हा ४८. कारण उघड आहे: अंतर दुप्पट केलं की वेळही दुप्पट होतो, निम्मं केलं की निम्मा. भागाकारात वरचा आणि खालचा आकडा एकाच पटीत बदलला तर उत्तर हलत नाही. म्हणूनच प्रश्न काढणाऱ्याने अंतर दिलेलं नाही. त्याची गरजच नाही.

इथे वाद मिटायला हवा होता. मिटला नाही.

“४८ येतंय हे पटलं,” ईश्वरी म्हणाली. “पण मग माझं कुठे चुकलं ते सांग. मीसुद्धा दोन वेगांची सरासरीच काढलीये.”

मला या गोष्टीतलं हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य वाटतं. बरोबर उत्तर कसं येतं ते दाखवलं की चुकीचं उत्तर आपोआप डोक्यातून जाईल, असं आपण मोठी माणसं धरून चालतो. फळ्यावर नीट उदाहरण सोडवून दाखवलं की काम झालं. पण मुलाच्या डोक्यात तेव्हा दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी बसलेली असतात, आणि परीक्षेत घाई झाली की जुनं उत्तर आधी उठतं. जुनं का चुकलं हे कळलं तरच ते जागा सोडतं.

सानिकाला लगेच सांगता आलं नाही. तिने पुन्हा १२० किलोमीटरचा हिशेब मांडला आणि या वेळी तासांकडे बघत मोठ्याने बोलू लागली. “पहिल्या तासात वेग ४०. दुसऱ्या तासात ४०. तिसऱ्या तासातही ४०. चौथ्या तासात ६०. पाचव्या तासात ६०.”

“थांब,” ईश्वरी म्हणाली. “४०, ४०, ४०, ६०, ६०. यांची सरासरी काढ.”

बेरीज २४०, भागिले पाच. अठ्ठेचाळीस.

म्हणजे ईश्वरीची रीत चुकलेली नव्हती. तिने नोंदी दोनच धरल्या होत्या, आणि त्या होत्या पाच. बस ४० च्या वेगात जास्त वेळ होती, कारण हळू जाणाऱ्याला तेवढ्याच अंतराला जास्त वेळ लागतो. त्यामुळे सरासरीत ४० चं वजन जास्त पडतं, तीनास दोन या प्रमाणात. उत्तर ५० च्या खाली, ४० च्या बाजूला सरकणारच. एवढं ध्यानात आलं तर आकडेमोड करण्याआधीही सांगता येतं की ५० हे उत्तर असूच शकत नाही. जाणं आणि येणं वेगवेगळ्या वेगाने असेल आणि अंतर सारखं असेल, तर सरासरी वेग नेहमी दोन्ही वेगांच्या मध्यापेक्षा कमीच निघतो. सानिकाच्या शिकवणीतलं सूत्र हेच सांगतं, फक्त मुकाट्याने.

सानिकाला आता चेव आला होता. “तुझी रीत आणखी एकदा तपासू. येताना बस ताशी २०० ने आली असं समज.”

“एसटी?”

“समज! तुझ्या रीतीने सरासरी किती?”

“४० आणि २००, दोनशेचाळीस. भागिले दोन, १२०.”

“सरासरी १२० म्हणजे २४० किलोमीटर किती तासांत संपायला हवेत?”

“दोन.”

“आणि जातानाच किती तास गेले?”

ईश्वरी हसायला लागली. जातानाच तीन तास गेले होते. दोन तासांत संपायला हवा होता तो सगळा प्रवास, आणि बस अजून तालुक्याच्या स्टँडवरून परत फिरलेलीच नव्हती.

एखादी रीत चूक आहे की बरोबर याचा संशय असेल तर ती टोकाला नेऊन बघायची, ही गणितातली फार जुनी आणि फार कामाची युक्ती आहे. ४० आणि ६० हे एकमेकांच्या जवळचे आकडे, त्यामुळे ५० आणि ४८ यांत फरक दोनाचाच पडतो आणि चूक अंगावर येत नाही. आकडे दूर नेले की तीच चूक अशक्य उत्तर देऊ लागते आणि मग तिला लपायला जागा उरत नाही. यासाठी सूत्र पाठ असण्याची गरज नाही, उत्तरसूचीची तर नाहीच.

ईश्वरीने खोडरबर घेतला, तिसऱ्यापुढचे ५० खोडून ४८ लिहिले, आणि त्याच झपाट्यात चौथ्या प्रश्नाकडे वळली. चौथा प्रश्न होता: ‘एक टेम्पो पहिले दोन तास ताशी ४० किमी वेगाने आणि पुढचे दोन तास ताशी ६० किमी वेगाने चालला. त्याचा सरासरी वेग किती?’ इथेही तिने ५० लिहिले होते आणि सानिकाच्या फोटोत इथेही ४८ होते. तिने तेही खोडले, ४८ लिहिले, फोटो काढला आणि पाठवला. दोन्ही वर्कशीटं आता जुळत होती.

जुळली म्हणजे बरोबर, असं कोणालाही वाटावं. उत्तरं ताडून बघण्याचा सगळा खटाटोप त्यासाठीच तर असतो. पण दोघींचं एकमत झालं ते या वेळी चुकीच्या उत्तरावर.

सुदैवाने तासांचा तो हिशेब ईश्वरीच्या डोक्यात अजून ताजा होता. फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, “सानिका, चौथ्याचे तास मोज बरं.”

“पहिला तास ४०. दुसरा ४०. तिसरा ६०. चौथा ६०.” मग थोडी शांतता. “अय्या. इथे दोन-दोन सारखेच आहेत.”

८० आणि १२०, दोनशे किलोमीटर, चार तास. ५०. ईश्वरीचं आधीचं उत्तरच बरोबर होतं, जरी तिने ते विचार न करता लिहिलं असलं तरी. आणि सानिकाचं सूत्र इथे गैरलागू होतं, कारण ते सूत्र अंतरं सारखी असतील तेव्हाचं आहे. चौथ्या प्रश्नात अंतरं सारखी नाहीत, वेळ सारखी आहे. सूत्रासोबत ही अट सांगितली गेली नव्हती, किंवा सांगितली गेली असेल आणि लिहून घेताना गळली असेल. सूत्रं अशीच गळतात. आकडे राहतात आणि अट जाते.

दोन प्रश्नांत आकडे तेच, शब्दही जवळपास तेच. फरक एकच: सारखं काय ठेवलंय, अंतर की वेळ? हा फरक केवळ वर्कशीटवर असतो असं नाही. कांदा एका आठवड्यात ४० रुपये किलो आहे आणि पुढच्या आठवड्यात ६० रुपये किलो. तुम्ही दोन्ही आठवड्यांत एकेक किलो घेतलात तर सरासरी ५० रुपये किलोने पडला. पण दोन्ही वेळा १२० रुपयांचाच घेतलात, तर पहिल्यांदा तीन किलो आला, दुसऱ्यांदा दोन किलो, आणि २४० रुपयांत पाच किलो म्हणजे सरासरी ४८ रुपये किलो. म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरावीक रक्कम टाकणाऱ्यांना जे सांगितलं जातं, की भाव खालीवर झाले तर तुमची सरासरी खरेदी किंमत भावांच्या साध्या सरासरीपेक्षा कमी पडते, त्यामागे हाच हिशेब आहे. ते खरं आहे, अगदी दरवेळी खरं आहे. मात्र त्याचा अर्थ नफा होईलच असा नाही. भाव ६० वरून ४० वर आला आणि तिथेच राहिला तर ४८ ला पडलेली वस्तू ४० चीच उरते. अर्धवट समजलेलं सूत्र असं पैशालाही लागतं.

आता दोघींच्या वादाकडे जरा लांबून बघू. अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझुर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. १९९० च्या सुमारास त्यांना असं आढळलं की आपले विद्यार्थी सूत्रांची अवघड उदाहरणं बिनचूक सोडवतात, पण बल आणि गती यांबद्दल साध्या शब्दांतला प्रश्न विचारला की गडबडतात. सानिकाची गत तीच होती. असा एक प्रश्न त्यांनी फळ्यावर दोनदा वेगवेगळ्या प्रकारे समजावून सांगितला, तरी चेहरे कोरेच. शेवटी त्यांनी विद्यार्थ्यांना आपापसात बोला असं सांगितलं. वर्गात गलका झाला आणि काही मिनिटांत बहुतेकांना प्रश्न उलगडला. याचं कारण ते सांगतात ते मला पटतं. ज्याला गोष्ट नुकतीच कळलेली असते त्याला ती कुठे अडते हे अजून आठवत असतं. प्राध्यापकाला कळून इतकी वर्षं झालेली असतात की अडण्याची जागाच तो विसरलेला असतो. १९९१ पासून माझुर यांनी शिकवण्याची हीच रीत धरली: आधी प्रत्येकाने स्वतः उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याला पटवायचा प्रयत्न करायचा, मग पुन्हा उत्तर द्यायचं.

यावर एक रास्त शंका येते. वर्गातल्या हुशार मुलाचं उत्तर शेजारच्याने उचललं, एवढंच होत नसेल कशावरून? कोलोरॅडो विद्यापीठातल्या जीवशास्त्राच्या शिक्षकांनी ही शंका तपासली आणि निष्कर्ष २००९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात छापले. अनुवंशशास्त्राच्या वर्गात त्यांनी आधी प्रश्न विचारला, मग चर्चा करू दिली, मग तोच प्रश्न पुन्हा विचारला आणि बरोबर उत्तर न सांगता लगेच त्याच कल्पनेवरचा पण वेगळ्या रूपाचा दुसरा प्रश्न दिला, जो ज्याचा त्याने सोडवायचा होता. नुसती नक्कल झाली असती तर दुसऱ्या प्रश्नात ती उघडी पडली असती. पण चर्चेनंतर दुसरा प्रश्नही मुलं जास्त चांगला सोडवत होती. आणि ज्या गटांमध्ये सुरुवातीला बहुधा कोणालाच बरोबर उत्तर ठाऊक नव्हतं, तिथेही सुधारणा दिसली. ईश्वरी-सानिकाचा चौथा प्रश्न म्हणजे असाच दुसरा प्रश्न होता. तिथे नक्कल लगेच उघडी पडली, पण चर्चेने ती सावरलीही.

अर्थात प्रत्येक मतभेद असा सुटत नाही. गोदावरीची लांबी किती यावर दोघींचं जुळलं नाही तर कितीही तर्क केला तरी भूगोलाचं पुस्तकच उघडावं लागेल. तर्काने सुटतात ते प्रश्न, ज्यांचं उत्तर प्रश्नातच दडलेलं असतं. शिवाय ठामपणे बोलणारा समोरच्याला गप्प करतो, हेही नेहमीचंच. ईश्वरीऐवजी एखादी भिडस्त मुलगी असती तर ‘शिकवणीत सूत्र दिलंय’ या वाक्यालाच वाद संपला असता. म्हणून कोण जिंकलं यापेक्षा कशाने जिंकलं ते बघावं. ‘सरांनी सांगितलं’, ‘पाठीमागे उत्तर दिलंय’, ‘तिघींचं ४८ च आलंय’ यांतलं काहीही कारण होऊ शकत नाही. ‘हळू जाताना वेळ जास्त गेला’ हे कारण आहे.

राहता राहिला फोटो. त्याला उगीच नावं ठेवायचं कारण नाही. त्या फोटोंमुळेच दोघींना कळलं की आपलं जुळत नाही, आणि जुळत नाही हे कळल्याशिवाय वाद कसला? अडचण होते ती फोटोत काय मावतं त्यामुळे. सानिकाच्या फोटोत नुसता आकडा होता, आणि नुसत्या आकड्याशी भांडता येत नाही. तो स्वीकारता येतो किंवा नाकारता येतो. ईश्वरीच्या फोटोत, तिरका का असेना, बेरीज आणि भागाकार दिसत होते, त्यामुळे चूक नेमकी कुठे शिरली ते शोधता आलं. गंमत अशी की चुकलेल्या मुलीचा फोटो जास्त उपयोगाचा होता. घरात कोणी आठवी-नववीतलं असेल आणि संध्याकाळी असे फोटो जात-येत असतील, तर त्यांना दोनच गोष्टी सांगा: फोटो पायऱ्यांसकट काढायचा, आणि समोरचीचा फोटो उघडण्याआधी उत्तर मध्यापेक्षा जास्त असेल की कमी, एवढा अंदाज आपल्या कागदाच्या कडेला लिहून ठेवायचा. आकडा एकदा डोळ्यांना दिसला की मन त्याच्याच बाजूने कारणं शोधू लागतं. अंदाज आधी लिहिलेला असेल तर पटकन खोडरबर हातात घेतला जात नाही.

आणि सुरुवातीला तुमच्याही मनात ५० आले असतील, तर संगत वाईट नाही. १९३४ साली मानसशास्त्रज्ञ मॅक्स वर्टहायमर यांनी आपले मित्र अल्बर्ट आइनस्टाइन यांना पत्रातून असंच एक कोडं घातलं. एक जुनी खटारा मोटार टेकडीचा एक मैल चढ चढते आणि एक मैल उतार उतरते. चढावर तिला ताशी पंधरा मैलांहून जास्त वेग घेता येत नाही. दोन्ही मैलांची मिळून सरासरी ताशी तीस मैल यायची असेल तर उतारावर तिने किती वेगाने जावं? पटकन येणारं उत्तर पंचेचाळीस. आता ईश्वरीसारखा हिशेब करा. ताशी तीस मैलांच्या सरासरीने दोन मैल जायला चार मिनिटं लागतात, आणि ताशी पंधराने एकटा चढ चढायलाच चार मिनिटं लागतात. उताराला वेळच उरत नाही, म्हणजे कितीही वेग घेतला तरी ती सरासरी गाठता येत नाही. आइनस्टाइन यांनी उत्तरादाखल कळवलं की प्रत्यक्ष हिशेब करेपर्यंत ही गोष्ट आपल्याही ध्यानात आली नव्हती.